आठव्या घरातला शनी

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका बाईंनी पत्रिका पाठवली. 1986 चा जन्म, मेष लग्न, शनी आठव्या घरात. खाली एकच ओळ होती : ‘काका, मुलगी दहा वर्षांची आहे. माझं आयुष्य किती, खरं सांगा.’ आधी कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, शुक्राची महादशा लागली, शुक्र मारक आहे, मृत्युस्थानी शनी आहे, शांत करून घ्या.

मी फोनच केला. म्हटलं, ताई, मारक हा शब्द कुठून येतो ते आधी ऐका. लग्नापासूनचं दुसरं आणि सातवं घर ही मारकस्थानं. घरं प्रत्येकाच्या पत्रिकेत बाराच असतात, त्यामुळे मारक ग्रह नाही असा माणूसच नाही. मेष लग्नाला दुसऱ्या घरात वृषभ आणि सातव्यात तूळ येते. दोन्ही राशी शुक्राच्या, म्हणून मेष लग्नाच्या सगळ्यांनाच शुक्र मारक. त्याची महादशा वीस वर्षांची असते. त्या वीस वर्षांत लोक घरं बांधतात, मुलांची लग्नं करतात.

राहिला शनी. 1986 मध्ये तो वर्षभर वृश्चिकेत होता आणि मेष लग्न रोज जवळपास दोन तास असतं. त्या वेळांत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा शनी आठव्यातच पडला. शिवाय जुन्या ग्रंथांत शनी हा आयुष्यकारक आहे आणि आठव्या घरातला शनी बहुधा दीर्घायुष्य देणारा मानतात. त्यांना अर्धंच वाक्य सांगितलं गेलं होतं.

आयुष्याचं गणित करायच्या पद्धतीही अनेक आहेत, पिंडायु, अंशायु, निसर्गायु. एकाच पत्रिकेला तिन्ही लावल्या तर आकडे वेगवेगळे येतात. म्हणून मृत्यूचं वर्ष मी कुणालाच सांगत नाही. ते मला कळत नाही.

मग विचारलं, ‘ताई, हा प्रश्न आत्ताच का पडला?’ त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘छातीत गाठ लागतेय. दोन महिने झाले.’

घरात कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांकडे गेल्या नव्हत्या, कारण त्यांनी वाईट सांगितलं तर पत्रिका खरी ठरेल, ही भीती. शांतीसाठी मात्र पैसे बाजूला काढले होते.

मी पत्रिका मिटली. म्हटलं, अशा बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण तुमची कोणती ते शनी सांगणार नाही. उद्याच सर्जनना दाखवा. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, लागलीच तर सुईची तपासणी, काय करायचं ते तेच ठरवतील. मुहूर्त बघू नका. यजमानांना आज रात्रीच सांगा. आणि ते शांतीचे पैसे तपासणीला वापरा.

कुणाच्या पत्रिकेत मृत्युयोग आहे असं ऐकलं असेल, तर त्याला एवढंच विचारा : अंगात काही दुखतंय का, काही लागतंय का? ‘हो’ म्हणाला, तर त्याच दिवशी त्याला घेऊन दवाखान्यात जा.