विश्लेषण : जाहिरातीतल्या मावशी दर चित्रात वेगळ्या का दिसतात?

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत इंद्रायणी तांदूळ पिकतो. समजा, इथल्या एका बचत गटाने पिशवीवर छापण्यासाठी एक पात्र ठरवले. पन्नाशीतल्या मावशी, हिरवे नऊवारी लुगडे, लाल काठ, कपाळावर चंद्रकोर, डाव्या नाकपुडीत नथ. पिशव्या छापून आल्या. मग सोशल मीडियासाठी एआय टूलवर आणखी चार चित्रे तयार केली. लावणीच्या चित्रात मावशी तिशीतल्या दिसू लागल्या, झोडणीत काठ सोनेरी झाला, चुलीपुढे लुगड्याची सहावारी साडी झाली आणि विक्रीच्या चित्रात नथ उजवीकडे गेली. पिशवीवरच्या मावशी या चौघींपैकी कुणीच नाहीत. ग्राहकाने पिशवी ओळखायची कशी?

चेहरा का बदलतो?

अनेक एआय टूलना मागचे चित्र आपोआप आठवत नाही. दर वेळी ती नव्या, विस्कळीत ठिपक्यांपासून सुरुवात करतात आणि वर्णनाला जुळेल असे चित्र घडवतात. ‘पन्नाशीतल्या मराठी मावशी’ या वर्णनात हजारो चेहरे बसतात. टूल त्यातला कुठलाही एक देते. वर्णन कितीही लांबवले तरी नाकाची नेमकी ठेवण शब्दांत पकडता येत नाही. म्हणून चेहऱ्यासाठी शब्द नव्हे, चित्रच द्यावे लागते.

अमूलची मुलगी कशी टिकली?

हा प्रश्न एआयच्या आधीचा आहे. सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या जाहिरात संस्थेत युस्टेस फर्नांडिस यांनी 1966 मध्ये अमूलची मुलगी रेखाटली. पुढे चित्रकार बदलले, प्रसंग तर सतत बदलत राहिले. तरीही ती ओळखू येते, कारण निळे केस, रिबिनीने बांधलेली शेंडी आणि ठिपक्यांचा फ्रॉक या मोजक्या खुणा ठरलेल्या आहेत. सोप्या, ठळक आणि कमी खुणा कुणाच्याही हातून पुन्हा काढता येतात. एआयलाही हेच लागू पडते.

मग करायचे काय?

आधी ‘मूळ पत्रक’ तयार करा. एकाच साध्या पार्श्वभूमीवर मावशी समोरून, तिरक्या, बाजूने आणि पायापर्यंत पूर्ण दिसल्या पाहिजेत. नऊवारीचा काष्टा दिसावा म्हणून एक चित्र पाठमोरेही हवे. चेहरा कुणा खऱ्या व्यक्तीचा असेल, तर तिची लेखी परवानगी घ्या.

लुगडे एकरंगी ठेवा आणि काठ रुंद, साधा. बारीक बुट्टी, चौकडी किंवा मोजून सहा बांगड्या ठेवल्या तर त्या दर चित्रात बदलतील.

प्रत्येक नव्या चित्रासाठी हे पत्रक टूलमध्ये संदर्भ म्हणून जोडा. सूचनेचा पहिला भाग शब्दशः तोच ठेवा : ‘जोडलेल्या चित्रातील याच मावशी. चेहरा, वय, हिरवे नऊवारी लुगडे, लाल काठ, चंद्रकोर आणि डावीकडची नथ बदलू नये.’ त्यानंतर फक्त प्रसंग लिहा.

इथे एक चूक हमखास होते. पहिल्या चित्रावरून दुसरे, दुसऱ्यावरून तिसरे बनवले जाते. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यासारखा चेहरा हळूहळू घसरतो. दर वेळी मूळ पत्रकाकडेच परत जा.

काय बदलले तर चालेल?

लावणीत लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले असणार, पायाला चिखल असणार. ते बदलूच द्या, नाहीतर चित्र खोटे वाटेल. मात्र डोक्यावर इरले घेतले की केस आणि कपाळ झाकले जाते, ओळख हरवते. म्हणून पावसाच्या चित्रात इरले थोडे मागे सरकलेले आणि चेहरा समोर ठेवा. चुलीच्या पिवळ्या उजेडात हिरवा रंग काळपट दिसतो. तो नंतर फोटो एडिटरमध्ये पत्रकाशी जुळवा. पिशवी आणि तिच्यावरची अक्षरेही एडिटरमध्येच बसवा, कारण टूलकडून देवनागरी जोडाक्षरे अनेकदा बिघडतात.

दूरच्या किंवा गर्दीतल्या छोट्या चेहऱ्यावर भरवसा ठेवू नका. तिथे तपशील कमी असल्याने चेहरा लवकर बदलतो. अशी चौकट टाळा, किंवा पत्रकातल्या मावशी कापून पार्श्वभूमीवर बसवा. तसे करताना चित्र आडवे उलटवू नका. नथ उजवीकडे जाते ती अनेकदा यामुळेच.

तपासणी कशी करायची?

पोस्ट करण्याआधी पिशवीचा फोटो आणि चारही चित्रे मोबाइलवर एकाच कोलाजमध्ये, लहान आकारात लावा. वय, नाक, चंद्रकोर, नथ, काठ या पाच गोष्टी क्रमाने पाहा. मग हे कोलाज गटाबाहेरच्या कुणाला तरी दाखवा आणि एवढेच विचारा : ‘यात किती बायका आहेत?’ उत्तर ‘एकच’ आले, तर चित्रे टाकायला हरकत नाही.