रंगून आलेलं सूत कमी का भरतं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हापासून सोलापूरच्या टॉवेल कारखानदारांत कराचीच चर्चा जास्त आहे. प्रत्यक्षात सुताच्या रंगाईसारख्या जॉबवर्कवरचा दर ५ टक्क्यांवरच राहिला, आणि तो फक्त मजुरीवर लागतो. सूत मालकाचंच असतं. डिलिव्हरी चलनावर ते डाइंगमध्ये जातं आणि रंगून परत येतं. वर्षभरात परत आलं नाही, तर पाठवल्या दिवशीच विकलं असं कायदा धरतो, आणि मग कर व्याजासह भरावा लागतो. पण मालक आणि रंगाईवाला यांच्यात खरा वाद होतो तो वजनावरून.

समजा, २५० रुपये किलोचं १००० किलो कच्चं सुती सूत गेलं. मजुरी पाठवलेल्या वजनावर किलोला ८० रुपये. परत आलं ९५० किलो. अनेकजण २५० अधिक ८० करून ३३० रुपये भाव धरतात. पण ३ लाख ३० हजारांना ९५० ने भागलं की किलो ३४७ रुपयांना पडतो. हे १७ रुपये टॉवेलच्या किमतीत धरले नाहीत, तर नफ्यातून जातात.

हे ५० किलो चोरीला गेले, असं लगेच म्हणू नये. कच्च्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेण असतं. रंगाईआधी अल्कलीत उकळून ते काढावं लागतं, आणि घट मुख्यतः तिथेच होते. गडद रंगात रंगाचं वजन चढतं म्हणून घट कमी दिसते, पांढऱ्यात जास्त. मेण राहिलं तर टॉवेल पाणी टिपत नाही. म्हणून घट फारच कमी आली, तरी मला शंका येते. धाग्याचा तुकडा साध्या पाण्यावर सोडावा. काही सेकंदांत बुडला तर धुलाई नीट झाली, तरंगत राहिला तर मेण आत आहे.

दुसरी गफलत ओलाव्याची. सुती सुताचा व्यवहार साडेआठ टक्के ओलावा धरून होतो. नीट न सुकवलेल्या कोनांत तो बारा टक्के असला, तर तेच ९५० किलो सूत काट्यावर ९८० भरतं. घट कमी झाली म्हणून मालक खूश होतो आणि गोदामात ३० किलो हवेत उडून जातात.

म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे: माल पाठवण्याआधीच रंगागणिक घटीची मर्यादा, वजन किती ओलाव्यावर करायचं आणि मजुरी कच्च्या वजनावर की रंगलेल्या, हे तिन्ही लेखी ठरवावं. येताना कोन मोजावेत, काटा करावा, ओलावा मापकाने तपासावा. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त घट आली, तरच रंगाईवाल्याकडे भरपाई मागावी. मर्यादेतली घट मजुरीतून कापणं हा अन्याय आहे, कारण ते मेण काढण्यासाठीच आपण त्याला पैसे देतो.