गाळातलं प्लास्टिक मोजायचं कसं?

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या टेम नदीच्या तळात एका ठिकाणी दर चौरस मीटरला पाच लाखांहून अधिक सूक्ष्मप्लास्टिकचे कण सापडल्याचं २०१८ साली प्रसिद्ध झालं. आकडा धडकी भरवणारा आहे. पण तो हाती येतो कसा, आणि तळातल्या किड्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय?

गाळ काढून आणला की त्यातलं प्लास्टिक वेगळं करायला दाट द्रावण वापरतात. वाळूची घनता २.६५, म्हणून ती बुडते. हलकं प्लास्टिक तरंगतं. साध्या मिठाचं संपृक्त द्रावण स्वस्त पडतं, पण त्याची घनता फार तर १.२. पीव्हीसी आणि बाटल्यांचं पीईटी यांची १.३८च्या आसपास, म्हणजे हे दोन्ही वाळूबरोबर तळाशीच राहतात आणि अहवालात ‘आढळले नाही’ अशी नोंद होते. झिंक क्लोराइडचं द्रावण १.५च्या वर जातं आणि त्यांनाही वर आणतं. मात्र ते विषारी आहे, भांडी खातं आणि खिशालाही जड जातं. म्हणून अहवाल वाचताना द्रावण कोणतं होतं, हे आधी पाहावं. दुसरी गोष्ट, स्वच्छ गाळात मोजून ५० रंगीत कण मिसळून परत किती मिळतात, हे तपासलं होतं का? ४१ मिळाले, तर पद्धत ८२ टक्केच पकडते. शिवाय कोरा नमुनाही हवा, कारण तपासणाऱ्याच्या कपड्यांचे धागेसुद्धा मोजणीत शिरतात.

आता परिणामांकडे. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनच्या संशोधकांनी गाळात राहणाऱ्या सहा अपृष्ठवंशी प्राण्यांना २८ दिवस पॉलिस्टायरिनचे २० ते ५०० मायक्रॉनचे कण मिसळलेल्या गाळात ठेवलं. प्रमाण शून्यापासून थेट ४० टक्क्यांपर्यंत. एकाही जातीत मृत्यूचं प्रमाण वाढलं नाही. फक्त गॅमॅरस पुलेक्स या कोळंबीच्या छोट्या नातलगाची वाढ खुंटली. वाढीत १० टक्के घट यायला गाळाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १ टक्का प्लास्टिक लागलं.

इथे खरी अडचण येते. नदीत आपण कण मोजतो, प्रयोगशाळेत वजन. १०० मायक्रॉनचा पॉलिस्टायरिनचा गोल कण साधारण अर्ध्या मायक्रोग्रॅमचा. किलोभर गाळात असे हजार कण सापडले, तरी वजन जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. एक टक्का म्हणजे १० ग्रॅम, त्यासाठी जवळपास पावणेदोन कोटी कण लागतील! अर्थात नदीतले कण गोल नसतात, एका मापाचेही नसतात. त्यामुळे हा हिशेब ढोबळच.

मग नदी सुरक्षित म्हणायची का? तेही घाईचं होईल. २८ दिवसांत पिढ्यांवरचा परिणाम दिसत नाही. याच गटाने गाळाच्या पेट्या १५ महिने बाहेर पाण्याच्या चरात ठेवल्या, तेव्हा ५ टक्के प्लास्टिकच्या पेट्यांत नायडिडी कुळातल्या कृमींची संख्या घटलेली दिसली. तेवढं प्रमाणही बहुतेक नद्यांतल्या आजच्या पातळीहून बरंच जास्त आहे. म्हणून कणांची संख्या, त्यांचं माप आणि वजन तिन्ही न देणारा अहवाल धोक्याबद्दल काहीही ठरवायला अपुरा आहे.