घेऊन ये, तगोंबा

एकाच कर्त्याची दोन-तीन क्रियापदे मिळून एकच घटना सांगतात, ही रचना अभ्यासकांच्या नजरेत आधी आफ्रिकेत भरली. ख्रिस्टालर यांनी 1875 मध्ये घानातल्या त्वी भाषेच्या व्याकरणात तिची नोंद केली. नायजेरियाच्या योरुबात 'त्याने पुस्तक आणले' म्हणायचे तर 'ओ मू इवे वा', म्हणजे शब्दशः 'त्याने घेतले पुस्तक आला' असे म्हणतात. मध्ये 'आणि' नाही, प्रत्ययही नाही.

आपल्याकडे याच विषयातला सर्वांत बोलका दाखला सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा. गंपर्झ आणि विल्सन यांचा तिथला अभ्यास 1971 मध्ये छापला गेला. त्यातले 'पाला जरा कापून घेऊन आलो' हे वाक्य तिथल्या उर्दूत 'पाला जरा काट के ले के आया' होते आणि कन्नडमध्येही क्रियापदे त्याच क्रमाने येतात: कापून, घेऊन, आलो. शब्द तेवढे बदलतात, सांगाडा तोच राहतो. पुढे 1976 मध्ये मासिका यांनी दाखवले की अशा साखळ्या भारतीय उपखंडात दूरवर पसरलेल्या आहेत.

पण अशा साखळीतली घटना खरोखर एक की दोन? 'शेंगा खाऊन टाकल्या' घ्या. यातल्या 'टाकल्या'ला फेकण्याचा अर्थ उरलेला नाही, तो फक्त खाणे पुरते संपल्याचे सांगतो. 'टाकल्या'ला स्वतःचे कर्म दिले, 'शेंगा खाऊन टरफले टाकली' असे म्हटले, की लगेच दोन घटना होतात. नकारानेही कळते. 'खाऊन टाकल्या नाहीत' म्हणताना नाकारतो ते संपवणे. 'तो जेवून आला नाही' म्हणताना मात्र तो आलेला असू शकतो, जेवलेला नसतो, कारण जेवणे आणि येणे इथे वेगवेगळे आहेत. कन्नडमध्ये 'टाकणे'चे काम 'बिडु', म्हणजे सोडणे, करते: 'तिंदुबिट्ट', खाऊन टाकले.

काटेकोर व्याख्या मानणारे म्हणतील, मराठीचा 'ऊन' किंवा कन्नडचा 'दु' हा प्रत्यय लागला की ती साखळी खरी नव्हे, कारण पहिले क्रियापद दुसऱ्यावर अवलंबून झाले. आयखेनवाल्ड आणि डिक्सन यांच्या 2006 च्या पुस्तकापासून ही अट वारंवार पुढे येते. मला ती बेंगळुरूच्या रस्त्यावर लटपटताना दिसते. लेखी कन्नडमध्ये 'तेगेदुकोंडु बा', म्हणजे 'घेऊन ये': काढणे, स्वतःसाठी घेणे, येणे, अशी तीन क्रियापदे. बोलताना त्याचे 'तगोंड् बा' आणि घाईत 'तगोंबा' होते. प्रत्यय असा गिळला गेल्यावर तो मोजायचा कुठे? योरुबाला त्याची गरजच पडली नाही, कन्नड घाईघाईत तो झिजवते आहे. आपल्या मराठीने 'ऊन' अजून घट्ट धरून ठेवला आहे.