खोली सोडताना टीव्हीतूनही बाहेर पडा

तारकर्लीच्या एखाद्या होमस्टेमध्ये दोन दिवसांसाठी उतरलेलं कुटुंब रात्री नेटफ्लिक्सवर आपल्या खात्याने लॉगिन करतं, मुलं यूट्यूब लावतात. तिसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही बंद करून, किल्ली देऊन मंडळी निघतात. टीव्ही बंद झाला तरी लॉगिन मात्र तसंच राहतं. रिमोटच्या बटणाने फक्त पडदा काळा होतो. पुढच्या पाहुण्याने टीव्ही लावला की तुमचं प्रोफाइल, अर्धवट पाहिलेल्या मालिका आणि यूट्यूबवर काय काय शोधलं ते सगळं त्याच्यासमोर येतं.

लॉगआउट दोन पातळ्यांवर करावं लागतं, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. नेटफ्लिक्सचं लॉगिन त्या ॲपपुरतं असतं: ॲपच्या मेनूत ‘Get Help’ आणि तिथे ‘Sign out’. पण अँड्रॉइड किंवा गूगल टीव्हीवर यूट्यूबसाठी दिलेलं गूगल खातं कधीकधी थेट टीव्हीतच जोडलं जातं. मग यूट्यूबमधून बाहेर पडलात तरी ते सेटिंग्जमधल्या ‘Accounts’ विभागात शिल्लक असतं. तिथे आपला ईमेल दिसतो का ते पाहावं आणि दिसला तर ‘Remove’ करावं. ही नावं टीव्हीच्या कंपनीप्रमाणे थोडी बदलतात, पण शोधायचं तेच.

घरी पोचल्यावर आठवलं तरी उशीर झालेला नसतो. फोनवर गूगल खात्याच्या ‘Security’ विभागात ‘Your devices’ उघडलं की लॉगिन असलेली उपकरणं दिसतात. अनोळखी टीव्ही निवडून ‘Sign out’ करता येतं. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर 2022 मध्ये अशीच सोय आणली. खात्याच्या ‘Manage access and devices’मध्ये कोणत्या उपकरणावर, साधारण कुठे आणि कधी पाहिलं गेलं ते कळतं. तुम्ही परतल्यानंतरच्या तारखेला मालवणकडचा टीव्ही दिसला तर तिथे दुसरं कोणी तुमच्या खात्यावर पाहतंय.

मुळात लॉगिनच टाळता आलं तर उत्तम. यूट्यूब खात्याशिवाय चालतं. खोलीतलं वाय-फाय फोनला जोडून ‘कास्ट’ केलं तर बहुतेक वेळा टीव्हीवर पासवर्ड टाकावाच लागत नाही.

परदेशात रोकू टीव्हीवर ‘Guest Mode’ आहे. पाहुणा जाण्याची तारीख टाकतो आणि त्या दिवशी त्याची खाती आपोआप निघतात. आपल्याकडच्या बहुतेक टीव्हींवर हे काम माणसालाच करावं लागतं, आणि माझ्या मते त्याची अर्धी जबाबदारी होमस्टेच्या मालकाची आहे. त्यांनी टीव्हीसाठी वेगळं गूगल खातं काढावं, त्याला कार्ड किंवा यूपीआय जोडू नये. चादरी बदलायला आलेल्या माणसाने ‘Accounts’ आणि नेटफ्लिक्स, प्राइमसारखी ॲप्स उघडून पाहावीत. ‘Factory reset’ने सगळं एकदम पुसतं खरं, पण मग वाय-फायपासून पुन्हा जोडणी करावी लागते, म्हणून ते रोज कोणी करत नाही.

मालकांनो, लॉगआउटच्या या पायऱ्या मराठीत लिहून तो कागद टीव्हीशेजारी चिकटवा.