विश्लेषण : वीज गेल्यावर केलेला फोन आणि शिफ्टआधीची पाच मिनिटे

जून महिन्यात अंबड, घनसावंगी किंवा भोकरदन परिसरात वादळी पाऊस झाला आणि वीज गेली, की एकाच वेळी शेकडो हात मोबाइलकडे जातात. महावितरणचा १९१२ हा तक्रार क्रमांक त्यासाठीच आहे. अशा केंद्रात फोन लगेच उचलला जाणार की ग्राहक ताटकळणार, हे पुष्कळदा शिफ्ट सुरू होण्याआधीच ठरलेले असते. ‘टीम लीड’ म्हणजे गटप्रमुख आपल्या माणसांना उभ्याउभ्या जे पाच मिनिटे सांगतो, त्याला या क्षेत्रात ‘हडल’ म्हणतात. त्यात काय सांगितले जाते आणि त्याने रांग कशी कमी होते, ते पाहू.

पाच मिनिटांत काय सांगतात?

चांगल्या हडलमध्ये तीनच गोष्टी असतात : आज सर्वांत आधी काय, आधीच माहीत असलेला बिघाड कोणता आणि रांगेचे आजचे लक्ष्य किती. समजा, एका वीज ग्राहक सेवा केंद्रात दुपारी दोनची शिफ्ट सुरू होते आहे. गटप्रमुखाचे बोलणे साधारण असे असेल :

‘पहिली गोष्ट सुरक्षेची. तार तुटून पडली, खांब वाकला, जनावर चिकटलं, यातलं काहीही ऐकलं की बाकीचे प्रश्न थांबवा. गाव आणि जवळची खूण विचारा, लोकांना लांब राहायला सांगा, तक्रार तातडीची म्हणून नोंदवा आणि मला हात करा. दुसरी गोष्ट, अंबड तालुक्यात ३३ केव्ही वाहिनीवर पावणेएकला बिघाड झालाय. तिच्यावरची दोन उपकेंद्रं बंद आहेत. गावांची यादी स्क्रीनवर आहे. साडेचारपर्यंत पुरवठा येईल असा अंदाज आहे. ‘अंदाज’ हाच शब्द वापरा, वचन देऊ नका. यादी चार वाजता पुन्हा तपासू. तिसरं, अर्ध्या तासाला साठ फोन धरलेत, आपण दहा जण आहोत. शंभरातले ऐंशी फोन वीस सेकंदांच्या आत उचलायचेत. रांगेत पाच जण दिसले, की आपण स्वतःहून करायचे फोन बंद.’

‘माहीत असलेला बिघाड’ इतका महत्त्वाचा का?

कारण त्याने प्रत्येक फोनचा वेळ कमी होतो. बिघाडाची कल्पना नसलेला कर्मचारी ग्राहक क्रमांक विचारतो, वीज कधी गेली विचारतो, घरातील स्विच तपासायला सांगतो आणि शेवटी नवी तक्रार नोंदवतो. यात चार मिनिटे सहज जातात. गाव यादीत आहे हे माहीत असेल तर कारण व अंदाजे वेळ सांगून, तार तुटलेली दिसते का एवढे विचारून तीन मिनिटांत काम होते. शिवाय एकाच बिघाडाच्या पन्नास वेगवेगळ्या तक्रारी लाइनमनपर्यंत जात नाहीत.

एका मिनिटाने काय होणार, असे वाटू शकते. पण रांगेचे गणित सरळ रेषेत चालत नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ ए. के. अर्लांग यांनी १९१७ मध्ये मांडलेली सूत्रे आजही कॉल सेंटरमध्ये वापरतात. वरच्या उदाहरणात ती लावून पाहू.

अर्ध्या तासात ६० फोन आणि प्रत्येकी तीन मिनिटे, म्हणजे १८० मिनिटांचे काम. दहा माणसांकडे मिनिटे आहेत ३००. इथे ग्राहकाला सरासरी पाचेक सेकंदच थांबावे लागते आणि १०० पैकी ९३ फोन २० सेकंदांत उचलले जातात. प्रत्येक फोन चार मिनिटांचा झाला, तर काम २४० मिनिटांचे होते. माणसांकडे अजून ६० मिनिटे मोकळी दिसतात, तरीही सरासरी प्रतीक्षा ४९ सेकंदांवर जाते आणि २० सेकंदांत उचललेले फोन ६५ वर घसरतात. फोन ठरावीक अंतराने येत नाहीत, घोळक्याने येतात, हे त्याचे कारण. पाच मिनिटे लागली, तर काम बरोबर ३०० मिनिटांचे होते. मग रांग स्थिरावतच नाही, ती वाढत राहते. कंटाळून फोन ठेवणारे थोड्या वेळाने पुन्हा लावतात आणि गर्दीत भर पडते.

८० टक्के फोन २० सेकंदांत, हे या क्षेत्रात सर्रास वापरले जाणारे लक्ष्य आहे. ते नुसते सांगून गाठले जात नाही. उदाहरणातील दहा जणांना ते गाठायचे असेल, तर सरासरी फोन साडेतीन मिनिटांच्या आसपास संपायला हवा आणि तो संपवण्याचे साधन म्हणजे ती गावांची यादी.

मग चूक कुठे होते?

पहिली चूक यादी शिळी होण्याची. समजा, साडेचारला मुख्य वाहिनी सुरू झाली, पण एका गावातील रोहित्राचा फ्यूज उडालेला आहे. तिथला ग्राहक पाच वाजता फोन करतो. कर्मचारी जुनी यादी पाहून ‘काम चालू आहे’ असे सांगतो, तक्रार नोंदलीच जात नाही आणि गाव रात्रभर अंधारात राहते. म्हणून यादी पुन्हा तपासण्याची वेळ हडलमध्येच सांगावी लागते. पुरवठा सुरू झाल्यानंतर प्रश्नही बदलतो : ‘शेजाऱ्यांकडे वीज आली का?’ शेजारी आली असेल तर दोष त्या घराच्या जोडणीत असण्याची शक्यता जास्त. कुठेच आली नसेल तर रोहित्र किंवा वाहिनी तपासावी लागते.

दुसरी चूक नुसत्या गावाच्या नावावर विसंबण्याची. राज्यात अनेक ठिकाणी गावठाणाची आणि शेतीपंपांची वाहिनी वेगळी आहे. शेतीपंपांना ठरलेल्या वेळापत्रकानुसार वीज मिळते. घरात दिवे लागले तरी मोटार चालू होत नाही, अशी तक्रार आली तर तो बिघाड आहे की पाळी नाही, हे पाहावे लागते. यादीत गावापुढे वाहिनीचे नाव नसेल, तर कर्मचारी अंदाजाने उत्तर देतो.

तिसरी चूक सर्वांत धोक्याची. यादीतील गावाचे नाव ऐकताच कर्मचारी ठरलेले उत्तर देऊन मोकळा होतो आणि ‘बांधावर तार पडली आहे’ हे ग्राहकाचे वाक्य अर्धवट राहते. म्हणूनच गटप्रमुखाने सुरक्षेची सूचना आधी आणि रांगेचे लक्ष्य शेवटी सांगितले. फोन लवकर संपवण्याचा दबाव वाढला की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे : सरासरी वेळ कमी होतो, पण त्याच मोबाइल क्रमांकांवरून त्याच दिवशी पुन्हा येणारे फोन वाढतात.

हडल पाच मिनिटांपेक्षा लांबवत का नाहीत?

उदाहरणातील केंद्रात मिनिटाला दोन फोन येतात. दहाही जण पाच मिनिटे उभे राहिले, तर दहा ग्राहक रांगेत साठतात. म्हणून आधीची शिफ्ट फोनवर असतानाच नव्या शिफ्टला माहिती दिली जाते. तसे शक्य नसेल तेव्हा निम्म्या-निम्म्या गटाला.

ग्राहकाने काय करावे?

बारा अंकी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवावा. तार तुटलेली असेल तर फोन उचलताच तेच पहिले वाक्य बोलावे. नुसतीच वीज गेली असेल तर NOPOWER हा शब्द आणि त्यापुढे ग्राहक क्रमांक असा एसएमएस नोंदणीकृत मोबाइलवरून 9930399303 या क्रमांकावर पाठवता येतो. त्यासाठी रांगेत थांबावे लागत नाही आणि रांगेतील ती जागा तुटलेल्या तारेची खबर देणाऱ्याला मिळते.