जनुकाच्या उंबरठ्यावर

थॅलसेमिया हा रक्तक्षयाचा आनुवंशिक विकार श्रोत्यांपैकी अनेकांना ऐकून ठाऊक असेल. हिमोग्लोबिन ज्या दोन प्रकारच्या प्रथिनसाखळ्यांनी बनते, त्यांपैकी एक साखळी या विकारात पुरेशी तयार होत नाही. १९८३ साली अशाच एका चिनी रुग्णाच्या बीटा साखळीच्या जनुकाचे वाचन प्रसिद्ध झाले. त्यात जी चूक सापडली, ती जनुकाच्या मजकुरात नव्हतीच. साखळीचे वर्णन करणारे अक्षर न् अक्षर शुद्ध होते. जनुकाची आर.एन.ए. प्रत ज्या अक्षरापासून सुरू होते, त्याच्या २८ अक्षरे अलीकडे, म्हणजे उंबरठ्याबाहेर, एका 'ए'च्या जागी 'जी' आला होता. एवढ्याने प्रयोगशाळेतील पेशींमध्ये त्या जनुकाच्या प्रती तिपटी-पाचपटीने कमी निघत. निघालेली प्रत मात्र निर्दोष असे. जो मजकूर कधी वाचलाच जात नाही, त्यातील एका अक्षराने उत्पादन एवढे कसे घटावे?

डी.एन.ए.ची लिपी चार अक्षरांची : ए, टी, जी आणि सी. तिच्या दोन धाग्यांत ए समोर टी आणि जी समोर सी असतो. आर.एन.ए. पॉलिमरेज नावाचे प्रथिनयंत्र या धाग्यावरून प्रत उतरवून घेते. परंतु माणसाच्या, यीस्टच्या किंवा वनस्पतीच्या, म्हणजे केंद्रक असलेल्या कोणत्याही पेशीतील या यंत्राला आरंभाची जागा स्वतःहून ओळखता येत नाही. शुद्ध केलेले पॉलिमरेज आणि शुद्ध डी.एन.ए. परीक्षानळीत एकत्र ठेवले, तर ते योग्य स्थळी सुरुवात करीत नाही. पेशींचा अर्क त्यात घातला की मात्र नेमक्या अक्षरापासून प्रत निघू लागते. रॉबर्ट रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९७९ साली दाखविले. अर्कातील जी प्रथिने ही वाट दाखवितात, त्यांना सामान्य प्रतिलेखन-घटक म्हणतात.

त्यांची नावे ऐकून नवखा माणूस गोंधळतो. अर्क एका स्तंभातून गाळताना मिठाचे प्रमाण वाढवीत नेले आणि जे भाग क्रमाने बाहेर पडले त्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली. पुढे ई, एफ, एच यांची भर पडली. त्यामुळे या अक्षरांत कामाचा क्रम मुळीच नाही. सर्वांत शेवटी स्तंभ सोडणारा 'डी' हाच कामावर सर्वांत आधी हजर होतो!

हा 'डी' जेथे बसतो ती जागा म्हणजे टाटा पेटी. आपल्या परिचयाच्या उद्योगसमूहाशी या नावाचा काही संबंध नाही. १९७८ साली डेव्हिड हॉगनेस आणि मायकेल गोल्डबर्ग यांनी फळमाशीची जनुके तपासताना आरंभाच्या सुमारे ३० अक्षरे अलीकडे टी-ए-टी-ए अशी अक्षरे पुनःपुन्हा पाहिली, त्यावरून हे नाव पडले. आपल्या बीटा जनुकात ही पेटी थोडी निराळी आहे : सी-ए-टी-ए-ए-ए. त्या चिनी रुग्णात तिचे पाचवे अक्षर बदलले होते.

'डी' हा अनेक प्रथिनांचा गट आहे. त्यांतील एकच प्रथिन पेटीला प्रत्यक्ष हात लावते. १९९२ साली त्याची आकृती स्पष्ट झाली, तेव्हा ते घोड्याच्या खोगिरासारखे दिसले. हे खोगीर डी.एन.ए.वर अलगद बसत नाही. धाग्यावर जी रुंद आणि अरुंद अशा दोन खाचांची वळणे असतात, त्यांपैकी अरुंद खाचेत ते शिरते, ती पसरविते आणि सरळ धागा जवळजवळ ८० अंशांनी वाकविते. ए आणि टी यांच्या जोड्या सैल असल्याने त्या असे वाकणे सोसतात. 'जी'ची गोष्ट वेगळी. त्याच्या अंगावरील एक अमिनो गट नेमका त्याच अरुंद खाचेत पुढे आलेला असतो. खोगिराच्या तळाशी खडा यावा तसा तो टोचतो. बसणे अशक्य होत नाही, पण बैठक कच्ची होते. रुग्णाच्या जनुकातून प्रती कमी निघत, पण निघत, त्याचे कारण हे.

बैठक कच्ची झाली की पुढचे सारेच का अडते, हे समजण्यासाठी १९८९ सालचा एक प्रयोग पाहू. फिलिप शार्प यांच्या प्रयोगशाळेत एका विषाणूच्या टाटा पेटीचा तुकडा किरणोत्सर्गी खूण करून जेलमधून विजेच्या साहाय्याने पळविला. मोकळा तुकडा वेगाने धावतो. त्यावर प्रथिन चढले की तो मागे रेंगाळतो. एकेक घटक घालून पाहता असे दिसले, की 'डी' नसेल तर दुसरा कोणीच टिकून बसत नाही. 'डी' बसल्यावर 'ए' येऊन त्याची पकड घट्ट करतो. मग 'बी' येतो, आणि 'बी' आल्याखेरीज पॉलिमरेजला जागा मिळत नाही. या 'बी'चे एक अंग वाकलेल्या डी.एन.ए.ला धरते आणि दुसरे पॉलिमरेजच्या पोटात शिरते. दोहोंमधील हे अंतर ठरलेले असल्यामुळे मानवी जनुकात प्रत पेटीपासून ३० अक्षरांच्या आसपास सुरू होते. पेटीच काढून टाकली, तर सुरुवात पुष्कळदा एका अक्षरावर न होता इकडेतिकडे विखुरते.

पॉलिमरेज येते ते 'एफ'ला बरोबर घेऊन; मागाहून 'ई' आणि त्याच्या आधाराने 'एच' येतात. तरीही काम सुरू झालेले नसते, कारण दोन्ही धागे अजून मिटलेलेच असतात. 'एच'मधील एक प्रथिन ए.टी.पी.ची ऊर्जा खर्चून पुढचा धागा आत ढकलते, तेव्हा सुमारे दहा-बारा अक्षरांची फट उघडते. पॉलिमरेज प्रथम दोन-तीन अक्षरे जोडून ती पुष्कळदा टाकून देते आणि पुन्हा आरंभ करते. 'एच'मधील दुसरे प्रथिन पॉलिमरेजच्या लांब शेपटीवर फॉस्फेट चढविते, बंध सैल होतात आणि यंत्र मार्गस्थ होते. मागे उरलेल्या 'डी'च्या बैठकीवर दुसरे पॉलिमरेज बसू शकते. म्हणूनच बैठकीच्या पक्केपणाचा हिशेब एका प्रतीपुरता राहत नाही.

हा क्रम परीक्षानळीतला आहे, हे सांगितले पाहिजे. जिवंत पेशीत काही घटक पॉलिमरेजसोबत एकदमच येत असावेत, असे मानणारे अभ्यासक आहेत. शिवाय माणसाच्या बहुसंख्य जनुकांना टाटा पेटी नाहीच. तेथे आरंभाच्या अक्षरांभोवतीच्या किंवा त्यापलीकडच्या खुणा 'डी'मधील इतर प्रथिने ओळखतात आणि खोगीर तरीही आणून बसवितात. अशा जागीही डी.एन.ए. वाकते, हे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आकृतींत दिसले.

आपल्या देशातील थॅलसेमियात टाटा पेटीची चूक क्वचित आढळते. येथे सर्वांत अधिक आढळणारी चूक जनुकाच्या आत, प्रत कापून सांधण्याच्या जागेलगत असते. त्यामुळे रुग्णाच्या जनुकात प्रथिनाचे वर्णन करणारा भाग निर्दोष आढळला, एवढ्यावरून जनुक निर्दोष ठरविता येत नाही. तपासनिसाला उंबरठ्याबाहेरची ती तीसेक अक्षरेही वाचावी लागतात.